मोघम साहेब

सरकारी कचेरीत मोघम साहेब ओळखायला दारावरची पाटी वाचावी लागत नाही. हाताखालच्याने सादर केलेल्या अहवालाचा समास पाहिला की पुरे. तिथे हिरव्या शाईत, सुबक अक्षरात लिहिलेलं असतं, 'जरा पुन्हा पाहावे.' काय पाहावे, कुठल्या पानावर, हे साहेब आणि परमेश्वर जाणे; परमेश्वराबद्दलही खात्री नाही. साहेब स्वभावाने मात्र भले. मन दुखवायला नको, म्हणून दोष सांगायचा नाही, उलट 'तसं छान झालंय हो' म्हणत चहा पाजायचा. बिचारा लिपिक जागेवर येऊन टाइप बदलतो, मुखपृष्ठाला चौकट काढतो आणि अहवाल फेरसादर करतो. चूक जागच्या जागी.

समजा, अहवाल पाण्याच्या टँकरचा आहे. गावची लोकसंख्या १,८००, माणशी रोज २० लिटर आणि टँकर १२,००० लिटरचा, हे पान २ वर आहे. म्हणजे ३६,००० लिटर, तीन खेपा. पान ५ वर शिफारस मात्र दोन खेपांची. यावर 'निष्काळजीपणा दिसतो' असं लिहिलं, तर शेरा चुकीवर न पडता माणसावर पडतो आणि माणूस खुलासा लिहायला बसतो. 'जरा पाहावे' तर कुठेच पडत नाही. त्यापेक्षा असं लिहावं: 'पान २ च्या आकड्यांवरून रोज तीन खेपा निघतात, पान ५ वर दोन आहेत. गावात विहीर चालू असल्यास तिचे पाणी किती ते नमूद करावे. नसल्यास तीन खेपा कराव्यात. लोकसंख्या वाडीवार दिल्याने पडताळणी सोपी झाली. गुरुवारी दुपारपर्यंत सादर करावे.' यातलं सौजन्य त्या 'असल्यास'मध्ये आहे: लिहिणाऱ्याकडे काही कारण असू शकतं, हे त्यात धरलेलं आहे. कौतुकही नेमकं आहे, लोणी नव्हे. आणि 'तीन कराव्यात'च्या मागे 'जमल्यास' लावलेलं नाही.

एवढं लिहायला वेळ कुणाला आहे, असं साहेब म्हणतील. पण तोच अहवाल तीनदा वाचायला वेळ कुठून येतो? दुसरा आक्षेप अधिक वजनदार: सगळंच दाखवलं तर पोरगा शिकणार कसा? खरं आहे. बेरजा पाच ठिकाणी चुकल्या असतील तर एक दाखवावी आणि उरलेल्या शोधायला सांगाव्यात. मात्र मोघम शेऱ्यातून तो अहवाल लिहायला शिकत नाही, साहेबांची मर्जी वाचायला शिकतो. त्यात पारंगत झाला की बढती मिळून स्वतःच मोघम साहेब होतो. हं, पाहणीच चुकीच्या गावाची केली असेल, तर समासात काही भागणार नाही. दार लावून, समोर बसवून सांगावं लागेल.

एरवी साहेबांच्या भलेपणाचा हिशेब माणशी काढता येतो. दोन खेपा मंजूर झाल्या, तर त्या १,८०० माणसांना रोज २० ऐवजी जेमतेम १३ लिटर पाणी मिळतं.