बिलं गुरुवारी नक्की

प्रिय सीएसाहेब,

'बिलं कधी देता?' हा आपला तिसरा निरोप मिळाला. पहिल्या दोन निरोपांना मी 'गुरुवारी नक्की' असं कळवलं होतं. आमच्या धंद्यात या उत्तराचा अर्थ काय होतो, ते आपल्याला एव्हाना कळलं असेलच. बायकांच्या ब्लाउजबाबत गेली बावीस वर्षं मी हेच सांगत आलोय, आणि समोरून एवढा कडक आवाज कुणी काढला नव्हता.

२०२४-२५ सालची बिलं शोधायला सगळं दुकान उपसलं. दोरा, बटणं, हूक, कॅनव्हास असला माल मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणतो. तिथं सुटा माल घेतला की चिठ्ठी मिळते. चिठ्ठीवर आकडे असतात, दुकानाचं नाव नसतं. ती चालेल का? आपण मागे म्हणाला होतात की किरकोळ खर्चाला घरचं व्हाउचरही चालतं, फक्त तारीख, कुणाला, कशासाठी आणि सही एवढं हवं. तर मग कारागिराच्या चहाची तीनशे व्हाउचरं आज रात्री बसून लिहू का? की एकाच पेनानं, एकाच बैठकीत, एकाच चहाच्या डागासकट लिहिलेली व्हाउचरं ओळखू येतात?

मोठ्या दुकानाची पक्की बिलं होती. मशीनमधून सर्रकन निघतात तशी, गुळगुळीत कागदाची. खिशात राहून चुरगळली होती. आपल्यासमोर नीट ठेवावीत म्हणून त्यांच्यावर इस्त्री फिरवली. साहेब, तो कागद उष्णतेनंच उमटतो, हे मला इस्त्री फिरवल्यावर कळलं. सगळी बिलं काळी झाली, कडक मात्र छान झालीत. ती पाठवतोय. उन्हात धरून काही दिसतंय का पाहा.

आता ओव्हरलॉक मशीन. ते ऑक्टोबरात १८,००० ला घेतलं, रोख, एका दमात. त्याचं बिल आहे, चक्क फ्रेम करण्यासारखं. आणि आपण म्हणता की एका दिवसात एकाच माणसाला १०,००० च्या वर रोख दिले तर ती रक्कम मशीनच्या किमतीत धरायची नाही, म्हणजे त्यावर घसाराही नाही. एरवी यंत्राला १५ टक्के मिळतो, आणि वर्षात १८० दिवसांहून कमी वापरलं तर निम्मा. म्हणजे ज्याचं बिल नाही ते बिल नाही म्हणून गेलं, आणि ज्याचं बिल आहे ते रोख दिले म्हणून गेलं! दोन दिवशी नऊ-नऊ हजार दिले असते तर चाललं असतं म्हणे. दुकानदाराला विचारलं, तारीख बदलून देतोस का? तो म्हणाला, तुम्ही कापलेलं कापड परत जोडून देता का?

एका गिऱ्हाइकाचं सिल्क कात्रीखाली गेलं, त्याचे ९०० भरून दिले. तो धंद्यातला तोटा धरता येतो म्हणालात. पण त्याचा पुरावा काय? त्या बाईंनी पावती दिली नाही, जे दिलं ते आळीनं ऐकलं. साक्षीदार आहेत.

भाड्याचंही तसंच. मालक ८,००० रोख घेतो. पावती मागितली तर म्हणतो, मग दहा हजार होतील. यापुढे त्याच्या खात्यावर टाकतो.

शेवटी फोनवर आपण जी अंदाजे नफा धरायची योजना सांगितलीत, तिच्यामुळे मला रात्रभर झोप लागली नाही. उलाढाल ६,२०,०००. त्यात ३,८०,००० स्कॅन करून आले, त्याचे ६ टक्के. २,४०,००० रोख, त्याचे ८ टक्के. २२,८०० अधिक १९,२००, म्हणजे ४२,००० नफा धरायचा आणि एकही बिल विचारायचं नाही. साहेब, हे आधी सांगितलं असतंत तर बिलं तरी गोरी राहिली असती! बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, वर्षाचे बेचाळीस हजार? मग घर कोण चालवतं?

बँकवालेही तेच म्हणाले. नव्या मशीनचं कर्ज हवंय. महिन्याला साडेतीन हजार कमावणारा हप्ता कुठून भरणार, असं विचारतात. माझ्या वहीप्रमाणे खर्च जाऊन २,८०,००० उरतात. आपण म्हणता, याच योजनेत खरा जास्तीचा नफा दाखवायला कायद्याची ना नाही, आणि नव्या करपद्धतीत एवढ्यावर करही बसत नाही. मग तेच दाखवा. फक्त बायकोला ४२,००० चंच सांगा, नाहीतर दिवाळीला पैठणी.

आपला,
टेलर (जेंट्स व लेडीज)

ता. क. अस्तराचं बिल सापडलं. आपल्या पॅन्टला टाचलेलं होतं, मागे आपलंच माप लिहिलंय : कंबर ३८, गेल्या वर्षी ३६. टाचणी काढून घ्या. पॅन्ट गुरुवारी नक्की.