‘घरबसल्या कमवा, मर्यादा नाही!’

नाशिकमधल्या छोट्या फर्मला घरून फोन करणारी माणसे हवी असतात. पगार शून्य, कमिशन ‘अमर्याद’. हिशेब करू. समजा, रोज ८० फोन, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे २,००० फोन. दोनशेत एकाने वॉटर प्युरिफायर घेतला आणि प्रत्येकी ३०० रुपये मिळाले, तर ३,००० रुपये होतात. फोनमागे दीड रुपया, शिव्या मोफत. मर्यादा खरोखरच नाही. विशेषतः खालच्या बाजूला. मालक म्हणतील, विक्रीच नाही तर पगार कुठून? रास्त आहे. पण नंबरांची यादी त्यांची, किंमत त्यांची, माल त्यांचा. मग यादी शिळी निघाल्याचा तोटा एकट्या फोन करणाऱ्याचा का? थोडा ठरलेला पगार आणि वर कमिशन, एवढे छोट्या धंद्यालाही झेपते.

खरी मेख मात्र ‘फोन स्वतःच्या सिमवरून करा’ या अटीत आहे. ट्रायच्या नियमांनुसार प्रचाराचे फोन नोंदणी करून, १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करायचे असतात. लोकांनी १९०९ वर तक्रारी केल्या की बंद पडतो तो तुमचा नंबर, बँकेच्या ओटीपीसकट; फर्मचा नव्हे. म्हणून आधी विचारावे: फोन कोणाच्या नंबरवरून? उत्तराऐवजी नोंदणी शुल्क, तुमच्या नावावर नवे सिम किंवा ‘ग्राहकांचे पैसे तुमच्या खात्यात घ्या’ अशी मागणी आली, तर ती नोकरी नव्हेच. तिथे विकला जाणारा माल तुम्ही आहात.