स्वप्नात दिलेलं राज्य

नायकाचा खून होतो, घर जळतं, बायको पळून जाते आणि शेवटच्या परिच्छेदात गजर वाजतो. लेखक सुटतो, जीव मुठीत धरून वाचणारा मात्र नागवला जातो. १९८६मध्ये अमेरिकेतल्या ‘डॅलस’ मालिकेनं मेलेल्या बॉबीला शॉवरखाली उभं करून अख्खा सीझन स्वप्नखाती जमा केला. त्यांना निदान नट परत आणायचा होता. आमच्या कथाकारांना नुसता शेवट सुचत नसतो.

लोककथेतल्या हरिश्चंद्रानंही राज्य दिलं ते स्वप्नातच. पण सकाळी विश्वामित्र दारात हजर, वर दक्षिणाही मागतो. आजच्या लेखकाचा राजा डोळे चोळून चहा मागवतो. हरिश्चंद्राची गोष्ट मात्र जाग आल्यावर सुरू होते.

‘क्राइम अँड पनिशमेंट’मधला रास्कोल्निकोव्ह म्हातारीच्या खुनाच्या आदल्या दिवशी झुडपात आडवा होतो. झोप लागल्याचं दस्तयेव्हस्की आधीच सांगून टाकतो, लपवाछपवी नाही. स्वप्नात तो लहान मुलगा असतो आणि दारुडे एका मरतुकड्या घोडीला मारून टाकतात. घामाघूम होऊन जागा झाल्यावर तो बेतच सोडतो. मग बाजारातून जाताना कानावर पडतं : उद्या संध्याकाळी सातला म्हातारी घरात एकटीच असणार. स्वप्न खरंच राहतं, खोटा ठरतो तो त्याचा निश्चय.

दस्तयेव्हस्कीला गजर सुचला असता तर म्हातारी वाचली असती. सावकारांचा तगादा मात्र त्याच्या दारात तसाच राहिला असता.