तेरा कलमं, आणि एकाचीही जागा हलवू नका

भाडेकराराचा मसुदा मोबाइलवर येतो आणि सोबत एक ओळ येते: वाचून घ्या, उद्या संध्याकाळी अंगठा. माझ्या भाचीला मे महिन्यात असाच निरोप आला. नोकरी जळगावची, खोल्या महाबळ भागात, आणि आम्ही बसलो होतो धुळ्याला देवपुरात, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. सात पानं, छापील इंग्रजी. तिनं पहिलं पान पाहिलं आणि म्हणाली, "मामा, हाई बठ्ठं वाचनं पडी का?"

हो, सगळं वाचावं लागतं. पण वाचल्यावर लक्षात राहत नाही, म्हणून त्याची यादी करायची. कुणी, काय, कधीपर्यंत, पुरावा कोणता आणि केलं नाही तर काय, असे पाच रकाने पुरतात. डाव्या बाजूला कलमाचा क्रमांक, करारात आहे तोच आणि त्याच क्रमानं. या शेवटच्या अटीवर मी हटून बसतो. त्याचं कारण भाचीच्या पहिल्या यादीतच सापडलं.

महाराष्ट्रात ऑनलाइन नोंदणी होणाऱ्या लिव्ह अँड लायसन्स कराराचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. मुदत, शुल्क आणि अनामत, अनामत कशी दिली, देखभाल खर्च, वीजबिल, वापर, फेरबदल, भाडेकरूचा हक्क नाही, पाहणी, रद्द करणे, ताबा, इतर अटी आणि शेवटी नोंदणी. भाचीच्या करारात ही तेरा कलमं याच क्रमानं होती. महिना 9,000 रुपये, अनामत 30,000, मुदत 1 जूनपासून 30 एप्रिलपर्यंत, म्हणजे अकरा महिने.

तिनं अर्ध्या तासात यादी केली, आणि दिसायला ती छान होती. "राहायला जाताना", "दर महिन्याला", "सोडताना" आणि "बाकीचं" असे चार गट. "सोडताना" या गटात तिनं लिहिलं: एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची. मी विचारलं, हे कुठल्या कलमात आहे? दहाव्या. उघड. दहाव्या कलमाचं पहिलंच वाक्य होतं, लॉक-इन काळाच्या अटीला अधीन राहून. आणि लॉक-इन कुठे होता? बाराव्या कलमात, "इतर अटी"मध्ये, सहा महिने. तो तिच्या यादीत "बाकीचं" या गटात सोसायटीच्या पार्किंगखाली पडला होता.

आता तिची बदली सप्टेंबरात झाली असं धरा. यादीवर विसंबून तिनं 15 सप्टेंबरला नोटीस दिली आणि 15 ऑक्टोबरला खोल्या सोडल्या. लॉक-इन 30 नोव्हेंबरपर्यंत. घरमालक उरलेल्या दीड महिन्याचे 13,500 रुपये अनामतीतून मागणार, आणि करार त्याच्या बाजूनं असणार. यादीतलं एकही वाक्य खोटं नव्हतं, तरी दहावं कलम ज्या बाराव्याला बांधलेलं होतं, ती गाठ गट पाडताना सुटली होती.

करारात "वर नमूद केल्याप्रमाणे", "अधीन राहून", "अन्यथा ठरल्याखेरीज" असे शब्द येतात तेव्हा एक कलम दुसऱ्याकडे बोट दाखवत असतं. क्रम ठेवला की ते बोट कुठे जातं ते दिसतं. म्हणून यादीत दहाव्या ओळीतच लिहायचं: लेखी नोटीस एक महिना, पण कलम 12 पाहा, 30 नोव्हेंबरपूर्वी सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे पैसे. अट आणि काम एका ओळीत हवं, भले ओळ लांबली तरी. क्रमाचा दुसरा फायदा भांडणाच्या दिवशी कळतो. घरमालक म्हणतो, नवव्या कलमाप्रमाणे मी आत येणार. तुमची यादीही नवव्या ओळीवर उघडते.

दुसऱ्या यादीला दोन तास लागले. सगळ्यात जास्त वेळ सहाव्यानं खाल्ला. मथळा फक्त "वापर", आणि पोटात चार कामं: राहण्यासाठीच वापरायचं, जागा आहे त्या स्थितीत ठेवायची, नुकसान झालं तर स्वखर्चानं दुरुस्त करायचं आणि शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं काही करायचं नाही. एक कलम म्हणजे एक काम असं धरून चाललं की तीन गळतात. आम्ही 6क, 6ख, 6ग, 6घ असे तुकडे केले आणि क्रमांक सहाच ठेवला. 6ग ला एक शेपूट होतं: वापरानं होणारी नेहमीची झीज सोडून. ते शेपूट भाचीच्या बाजूचं आहे, म्हणून ते गाळलं तर नुकसान तिचंच. भिंतीचा रंग फिका पडणं ही झीज झाली, पण खिळ्यानं पडलेलं भगदाड नुकसानीत मोडेल. पुराव्याच्या रकान्यात लिहिलं: ताबा घेतल्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, बेसिनचा फोटो आणि तो त्याच दिवशी घरमालकाला पाठवायचा.

आठव्या कलमाच्या मथळ्यावर तर मीही पूर्वी फसलोय. "भाडेकरूचा हक्क नाही" हे वाचलं की वाटतं, हा कायद्याचा मजकूर आहे, इथे करण्यासारखं काही नाही. पण त्याच वाक्यात पुढे असतं की जागा दुसऱ्याला पोटभाड्यानं द्यायची नाही, कुणालाही परवाना द्यायचा नाही. भाचीच्या मनात होतं की ऑगस्टमध्ये मैत्रीण येईल, अर्धं भाडं ती देईल. हे काम या मथळ्याखाली बसलंय हे मथळे चाळून कधीच कळत नाही. आठव्या ओळीत लिहिलं: दुसरी व्यक्ती भाडं वाटून राहणार असेल तर आधी विचारायचं आणि नाव करारात घालून घ्यायचं.

क्रियापद बघा. "करील" म्हणजे काम. "हक्क राहील" म्हणजे समोरच्याची मुभा. "केले जाईल" असं असलं तर कोण करणार ते शोधा, सापडलं नाही तर प्रश्नचिन्ह टाका. नववं कलम घरमालकाला पाहणीचा हक्क देतं, पण वाजवी सूचना देऊन. म्हणजे ओळी दोन: तिनं आत येऊ द्यायचं, त्यानं आधी कळवायचं. घरमालकाची कामंही यादीत हवीत, नाहीतर ती यादी एकतर्फी होते. चौथ्यात पट्टी आणि देखभाल खर्च त्याच्याकडे होता, तेही लिहिलं. भाचीनं "वाजवी सूचना" खोडून "24 तास आधी" लिहिलं तेव्हा मी पेन काढून घेतलं. करारात 24 तास नाहीत. आपल्याला सोयीचा आकडा यादीत घातला की तीन महिन्यांनी आपणच तो करारातला समजून भांडतो. संदिग्ध शब्द संदिग्धच उतरवायचा आणि शेजारी "विचारणे" असं लिहायचं.

अकरावं कलम बघून ती गप्प झाली. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दिवसाच्या भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई, आणि घरमालक न्यायालयात न जाता सामान बाहेर काढू शकेल. दुप्पट रकमेला आधार आहे: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 मध्ये मुदतीनंतर थांबणाऱ्याला दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. पण तेच कलम 24 ताबा मिळवण्यासाठी घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा मार्ग दाखवतं. म्हणून आम्ही अकराव्याचे दोन तुकडे केले. 30 एप्रिलला रिकामं करायचं, हे ठळक. सामान बाहेर काढण्याची मुभा जशी लिहिली तशीच उतरवली आणि शेजारी लिहिलं: वकिलाला दाखवणे. यादी करणाऱ्याचं काम करारात काय आहे ते सांगणं. ते कायद्यात टिकेल का, हा निवाडा यादीत मिसळायचा नाही आणि त्या भीतीनं कलम गाळायचंही नाही.

तेराव्यात नोंदणीचा खर्च कुणाचा ते होतं: अर्धा-अर्धा. इथे एक गोष्ट खानदेशात अजून ऐकू येते, की अकरा महिन्यांचाच तर करार, नोटरी पुरे. ते चूक आहे. त्याच अधिनियमाचं कलम 55 मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असं सांगतं आणि जबाबदारी घरमालकावर टाकतं. मुदतीच्या पहिल्या कलमात काम काहीच नव्हतं, तरी ती ओळ ठेवली आणि समोर "काम नाही, तारखा पाहा" असं लिहिलं. रिकामी ओळ गाळली की पुढचे क्रमांक सरकतात आणि मग कुणाचाच मेळ बसत नाही.

सातवं कलम मी मुद्दाम मागे ठेवलं. फेरबदल लेखी संमतीशिवाय नाही, आतून किंवा बाहेरून. मुंबईच्या माणसाला यात काही खटकणार नाही. जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो तेव्हा खिडकीबाहेर लोखंडी स्टँड ठोकून कूलर बसवल्याशिवाय माणूस राहू शकत नाही. स्टँडसाठी भिंतीत चार भोकं, पाण्याच्या नळीसाठी एक. हा बाहेरचा फेरबदल झाला की नाही? साध्या वाचनात झाला. सातव्या ओळीत लिहिलं: कूलरच्या स्टँडची लेखी संमती, ठोकण्याआधी.

आणि पाण्याचा टँकर? नळाला पाणी नसेल त्या आठवड्यात टँकरचे पैसे कुणाचे, हे तेरापैकी एकाही कलमात नव्हतं. चौथ्यात घुसवायचा मोह होतो, कारण तिथे खर्चाची भाषा आहे. घुसवायचं नाही. यादी तेराव्याला संपते. खाली रेघ मारून वेगळं शीर्षक: करारात नाही, विचारायचं. तिथे टँकर, आणि अनामत किती दिवसांत परत मिळणार, हे दोन प्रश्न.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जळगावला घरमालकाकडे गेलो. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन आधीच बसला होता आणि घाईत होता. भाचीनं यादी पुढे ठेवली आणि म्हणाली, "काका, पाच मिनिटं. सातवं, आठवं, दहावं, आणि खालचे दोन." काकांनी चष्मा लावला. कूलरला लगेच हो म्हणाले, वर सांगितलं की आधीच्या भाडेकरूचा स्टँड गच्चीवर आहे, तोच लावा. एजंटनं बाराव्यात ते वाक्य घातलं. मैत्रिणीला नाही म्हणाले, स्पष्ट. लॉक-इन सहाचा चार महिने झाला. अनामत ताबा दिल्याच्या दिवशीच, हेही लिहून झालं. टँकरवर मात्र काका अडून बसले. "वापरणार तुम्ही, पैसे आम्ही का द्यायचे?" अखेर निम्मे-निम्मे ठरलं, तेही बाराव्यात गेलं, आणि भाचीनं यादीत दहाव्या ओळीवरची 30 नोव्हेंबर खोडून तिथं 30 सप्टेंबर लिहिलं. मग अंगठा दिला.