एकच पोरगं, शुभेच्छा किती?

पुतण्याची पोलीस भरतीत निवड झाली, म्हणून तात्यांनी आठ बाय सहाचा फ्लेक्स सांगितला. नगरात दिल्लीगेटजवळ फ्लेक्सवाल्याकडे आम्ही दोघं मजकूर तपासायला गेलो, तर पडद्यावर लाल अक्षरांत ‘काँग्रॅच्युलेशन’. शेवटचा ‘स’ मावला नाही म्हणून पोरानं छाटला होता.

“अरे, ‘काँग्रॅच्युलेशन्स’ लागतं!”

तात्या उखडले. “पोरगं एकच, भरती एकदाच. मग अनेकवचन कशाला?”

मी सांगितलं, एकटं ‘काँग्रॅच्युलेशन’ म्हणजे अभिनंदन करण्याची क्रिया. कुणाला तोंडावर म्हणायचं झालं, की इंग्रज ते अनेकवचनीच म्हणतो. ‘थँक्स’ही तसलंच. एकच माणूस गेला तरी सांत्वनाला ‘कंडोलन्सेस’.

“मग आपलं?”

आपलं उलटं. अभिनंदन एकवचनी: ‘अभिनंदन केलं’. शंभर जणांनी केलं तरी ‘अभिनंदनं केली’ म्हणत नाही. शुभेच्छा मात्र अनेकवचनी. शब्दाकडे बघून ते कळत नाही, कारण एक शुभेच्छा आणि दहा शुभेच्छा दिसायला सारख्याच. चोर पकडला जातो तो आजूबाजूला. ‘वाढदिवसाची शुभेच्छा दिली’ असं कुणी म्हणत नाही, ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या’ असंच म्हणतात.

तात्यांनी लगेच अर्थ लावला. “बरोबर आहे. झालं ते एकदाच झालं, त्याला एक अभिनंदन पुरे. पुढचं काही खरं नसतं, म्हणून शुभेच्छा जास्त लागतात.” हे कुठल्या व्याकरणात नाही, पण मला पटलं.

मग ते फ्लेक्सवाल्याला म्हणाले, “खाली ‘मेनी हॅप्पी रिटर्न्स ऑफ द डे’ पण टाक.”

मी हात जोडले. त्याचा अर्थ, हा दिवस पुन्हा पुन्हा येवो. वाढदिवसाला ठीक आहे. भरतीला म्हटलं तर पोरानं दरसाल मैदानावर गोळा फेकायचा का? आमच्या एका मामांनी तर हे वाक्य लग्नात नवरदेवाला ऐकवलं होतं. नवरी इंग्रजीची शिक्षिका. तिनं मामांकडे असं पाहिलं, की अक्षता हातातच राहिल्या.

वाढदिवसालाही जागा बघावी लागते. पंडित नेहरू ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत आपल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. १४ नोव्हेंबर तिथं तीनदा उगवला. दिवस परत येत होता, पंडितजींना मात्र परत जाता येत नव्हतं. तिथं ‘रिटर्न्स’ म्हणणारा माणूस शुभेच्छुक की जेलर, हे कसं ओळखायचं?

शेवटी ‘हार्दिक अभिनंदन’ एवढंच ठेवलं. उरलेल्या जागेत बावीस शुभेच्छुकांचे फोटो बसले. पुतण्या कोपऱ्यात गेला, पण कुणी तक्रार केली नाही.

तेव्हा फ्लेक्स करणाऱ्यांना एक विनंती. भाव चौरस फुटावर असतो, अक्षरावर नाही. ‘स’ छाटून एक रुपयाही वाचत नाही.