'पाच डॉलरांत पाचशे मिनिटं भारत' कार्डवाल्यांना अनावृत पत्र

एडिसन, न्यू जर्सी
डिसेंबर २००८

मान्यवर दानशूर कार्डवाले यांस,
स. न. वि. वि.

मी नोकरीसाठी इथं नव्यानं आलेला इंजिनिअर. आईवडील वाईला असतात. घरात लँडलाइन आहे, इंटरनेट नाही. रोज एक फोन करायचा, एवढंच माझं व्यसन. भारतीय किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे तुमचं कार्ड लटकलेलं पाहिलं आणि ऊर भरून आला. पाच डॉलर, पाचशे मिनिटं! एका मिनिटाला एक सेंट! इतक्या स्वस्तात तर शेजारीसुद्धा बोलत नाहीत.

नखानं पट्टी खरवडली, नंबर फिरवला, लांबलचक पिन दाबला. तुमच्या बाईंनी गोड आवाजात शिल्लक मिनिटं सांगितली. फक्त ती एकाच दमात वापरायची असतात, हे त्या सांगायला विसरल्या. ते कार्डाच्या मागे, मुंगीनं लिहावं अशा अक्षरांत होतं. प्रत्येक फोन लागला की ५९ सेंट जोडणी आकार. पहिल्या फोननंतर, आणि मग दर आठवड्याला, ७९ सेंट देखभाल आकार. बोलणं तीन-तीन मिनिटांच्या हप्त्यांत मोजणार.

आता आमच्या घरचं बोलणं बारा मिनिटांचं. आईची "जेवलास का, काय जेवलास, त्यानं पोट भरतं का?" ही प्रश्नपत्रिका, मग बाबांचं "बिल वाढतंय, ठेव आता." त्याचे बारा सेंट, वर जोडणीचे ५९, म्हणजे रोजचे ७१. पहिल्या दिवशी देखभालीसह दीड डॉलर गेला. पाचव्या दिवसाअखेर कार्डात ६६ सेंट उरले. सहाव्या दिवशी जोडणी वजा जाता सात सेंट राहिले आणि तीनच्या हिशेबानं सहा मिनिटं मिळाली. आई "भात तरी करतोस का" म्हणत असतानाच फोन कापला गेला. एकूण ६६ मिनिटं. मिनिटाला साडेसात सेंटच्या वर.

अन्याय नको, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. एकदाच फोन लावून न थांबता बोललो असतो तर तुमच्या कार्डात ४४१ मिनिटं निघाली असती, म्हणजे सव्वासात तासांहून अधिक. बाबा माझ्याशी सलग सात तास बोलले असते तर मी इतक्या लांब आलोच नसतो.

शिवाय तुमचा आवाज कुठल्या आडवाटेनं जातो कोण जाणे. मी "हॅलो" म्हणायचो, ते पोहोचेपर्यंत आई "हॅलो" म्हणायची, दोन्ही आपटायचे आणि आम्ही दोघंही गप्प. त्या गप्प बसण्याचेही पैसे. घरच्या फोनवर नंबर दिसायचा तो भारतातलाच, भलताच कुणाचा तरी. कर्जवाल्यांचा असेल म्हणून बाबा उचलायचेच नाहीत. फोन सरळ मार्गानं न येता मधल्या कुणीतरी स्थानिक कॉल म्हणून आत ढकलला, की असं होतं.

मग मी वही काढली. दुसऱ्या एका योजनेत मिनिटाला सहा सेंट, वरचे आकार शून्य, मोजणी मिनिटागणिक, आणि पिनऐवजी माझा नंबरच ओळखतात. तुमच्या सहापट दर! तरी रोजची बारा मिनिटं ७२ सेंटांत बसतात. महिन्याला २१ डॉलर ६० सेंट. तिसरी योजना २५ डॉलरांत महिनाभर अमर्याद; त्यासाठी ब्रॉडबँड आणि एक डबी लागते. ही परवडायला महिन्याला ४१७ मिनिटं बोलायला हवं. आमची ३६०च. दुसरी योजना जिंकणार, इतक्यात रविवार आठवला. रविवारी आत्या येते, फोन हातोहात फिरतो आणि चाळीस मिनिटं कुठं जातात कळत नाही. चार रविवार धरले की महिना ४७२ मिनिटांवर जातो आणि सहा सेंटांचं बिल २८ डॉलरांच्या पुढं.

म्हणून तिसरी घेतली. पण आधी बारीक अक्षरं वाचली: लँडलाइनबरोबर मोबाइलही धरलाय का, 'अमर्याद'ला मर्यादा कुठं आहे, करार मोडला तर दंड किती. इथं रात्री नऊ वाजता फोन करतो, तेव्हा वाईत सकाळचे साडेसात; मार्चमध्ये इथली घड्याळं पुढं सरकली की साडेसहा. चहाची वेळ दोन्हीकडून साधते. बिल ठरलेलं आहे हे कळल्यापासून बाबा नगरपालिकेच्या नळाचा सविस्तर अहवाल देतात.

याच वर्षी इथल्या फेडरल ट्रेड कमिशननं तुमच्या धंद्यातल्या काही मंडळींना, कबूल केलेली मिनिटं देत नाहीत म्हणून, कोर्टात खेचलं. तुमच्यासारख्या सज्जनांना त्याची झळ पोहोचू नये, म्हणून एक नम्र सूचना. कार्डावर मिनिटं छापूच नका. रोज बारा मिनिटं बोलणारा मुलगा या कार्डावर किती दिवस बोलेल, तेवढाच आकडा छापा. पाच. छपाईची शाईही वाचेल.

आपला माजी ग्राहक,
वाईकर