डोकी मोजून तूट भरत नाही

आर्णीत पोरगं कॉलेजातच कंपनीत लागलं की त्याच संध्याकाळी पेढे वाटले जातात. घरात ऑफर लेटर मोठ्याने वाचलं जातं. पगाराचा आकडा सगळ्यांना पाठ होतो, पण त्याच पत्रातली एक ओळ कोणी वाचत नाही: रुजू होण्याची तारीख कंपनीच्या व्यवसायाच्या गरजेनुसार कळवण्यात येईल. ही गरज पुण्या-बंगळुरूच्या एखाद्या खोलीत, एक्सेलच्या तक्त्यात ठरते. पुढच्या वर्षी माणसं किती लागतील आणि आपल्याकडे किती आहेत, यातली तूट काढणारा हा तक्ता. तो चुकला तर कंपनीचा नफा थोडा हलतो आणि आर्णीतल्या घरात वर्ष-दोन वर्षं कोणी कोणाशी धड बोलत नाही.

इन्फोसिसचे आकडे जाहीर आहेत, तेच पाहू. मार्च 2022 ला संपलेल्या वर्षात नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण 27.7 टक्के होतं. प्रशिक्षणार्थी वगळले तर बाकीच्यांपैकी 87 टक्के लोक ग्राहकाच्या कामावर होते. म्हणजे हात कमी आणि काम उदंड. कंपनीने त्या वर्षी सुमारे 85 हजार फ्रेशर घेतले आणि पुढच्या वर्षी आणखी 50 हजार. तेवढ्यात अमेरिका-युरोपातल्या ग्राहकांनी खर्चाला लगाम घातला. मार्च 2023 ला कामावर असलेल्यांचं प्रमाण 80 टक्क्यांवर आलं आणि प्रशिक्षणार्थी धरले तर 77 च्या आसपास. पुढच्या वर्षभरात कंपनीची एकूण मनुष्यसंख्या जवळपास 26 हजारांनी घटली. 2022 च्या बॅचचे सुमारे 2000 जण ऑफर लेटर हातात घेऊन ताटकळत आहेत, अशी तक्रार पुण्याच्या ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने 2024 मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे केली. दिलेली प्रत्येक ऑफर पाळू, असं कंपनीने सांगितलं आणि पुढे त्यांना तारखा मिळाल्याही. गेलेली दोन वर्षं मात्र कोणी परत केली नाहीत.

बाजार फिरला, त्याला कंपनी काय करणार, असं म्हणतात. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. बाजार फिरतोच. तो फिरला की भार कोणावर पडणार, हे तक्ता मांडतानाच ठरलेलं असतं.

समजा, झपाट्याने वाढणारी एक कंपनी आहे. नऊ महिन्यांनी तिला डेटा इंजिनिअरिंगच्या कामासाठी 60 माणसं लागणार आहेत. आज तिच्याकडे 44 आहेत. तूट 16. बहुतेक बैठका इथेच उठतात आणि कॅम्पसला निरोप जातो. पण नऊ महिन्यांत काही जण सोडून जाणार. सात गेले तर उरतात 37 आणि तूट होते 23. हेही डोक्यांचंच गणित झालं. आता तेच 60 अनुभवाप्रमाणे मांडा. सहा सीनियर, 18 मधल्या फळीतले, 36 ज्युनियर. सोडून जाणारे वजा केल्यावर हाती उरतात दोन सीनियर, सात मधले आणि 28 ज्युनियर. म्हणजे चार सीनियर कमी, 11 मधले कमी, आठ ज्युनियर कमी. बेरीज तीच, 23. पण 23 फ्रेशर घेतले तर 15 जागा तशाच रिकाम्या राहतात आणि 15 नवी मुलं बेंचवर बसतात. एकाच कंपनीत एकीकडे माणूस मिळत नाही म्हणून प्रोजेक्ट अडलेला आणि दुसरीकडे बेंच भरलेला दिसला, तर समजावं की तिथे फक्त डोकी मोजली गेली आहेत.

मधली फळी बाहेरून आणायची तर मुलाखतींना महिना-दीड महिना आणि वर नोटीस पिरियडचे तीन महिने. त्यात होकार देऊन ऐनवेळी दुसरीकडे जाणारे असतातच. तिघांतला एक गळतो असं धरलं, तर 11 जण यायला 16-17 ऑफर द्याव्या लागतात. त्यापेक्षा घरातल्या 28 ज्युनियरपैकी पाच जणांना सहा महिन्यांत तयार करून वर चढवलं, तर मधली तूट सहावर येते आणि खाली 13 जागा उघडतात. आर्णीच्या मुलांसाठी आठाच्या तेरा जागा होण्याचा हाच खरा रस्ता आहे.

पण या मुलांना शिकवायचं कोणी? सीनियर दोनच उरलेत. आपलं काम सांभाळून एक सीनियर चार-पाच जणांचा कोड नीट तपासू शकतो, त्यापुढे नुसती सही होते. दोघांचे मिळून फार तर दहा. पाच ज्युनियर वर चढवायचे आणि 13 नवे घ्यायचे, म्हणजे 18 जण त्यांच्या गळ्यात. फ्रेशर किती घ्यायचे याची मर्यादा कॅम्पसवर ठरत नाही, ती या दोन माणसांच्या वेळेवर ठरते. म्हणून आधी चार सीनियर आणा, मग कॅम्पसला जा. हा क्रम उलटा झाला की मुलं चार महिने व्हिडिओ बघतात, चाचणीत मागे पडतात आणि मुलांचा दर्जाच नाही, असा शेरा बसतो. यवतमाळ-अमरावतीच्या कॉलेजांवर हा शेरा तर फारच सहज मारला जातो.

मागणीच्या बाजूचा घोळ याहून मोठा आहे. मुळात ते 60 आले कुठून? 40 जणांचं काम हातात आहे आणि 40 जणांचं आणखी एक काम मिळण्याची शक्यता निम्मी आहे. तक्ता 40 चे निम्मे 20 धरतो आणि साठ लिहितो. पण ते काम मिळालं तर 80 लागतील, नाही मिळालं तर 40. साठ कधीच लागणार नाहीत. पावसाची शक्यता निम्मी आहे म्हणून कोणी अर्धी छत्री घेऊन निघत नाही. खरा हिशोब दोन तक्त्यांचा असतो: पक्क्या कामाची भरती आज आणि शक्यतेवरची भरती सही झाल्यावर. मधल्या काळासाठी कंत्राटी माणसं घ्यावीत किंवा दुसऱ्या विभागातले आणून शिकवावेत. याला पैसे लागतात. कोऱ्या तारखेच्या ऑफर लेटरला काहीच लागत नाही, म्हणून ते वाटलं जातं. काम आलं तर मुलगा तयार, नाही आलं तर वाट बघणारा तोच. त्यातही पुन्हा घासाघीस होते. फेब्रुवारी 2023 मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या फ्रेशरना, लवकर रुजू व्हायचं तर साडेतीन लाख घ्या, असं विचारलं. तोवर त्यातल्या अनेकांनी दुसऱ्या ऑफर सोडून दिल्या होत्या.

पत्रावर रुजू होण्याची तारीख हवी आणि ती टळली तर दर महिन्याला ठरलेली रक्कम मुलाला मिळायला हवी. वाट बघण्याचे पैसे पडू लागले की निम्म्या शक्यतेवरचे वीस त्या तक्त्यातून आपोआप गळतील. पण एकट्या मुलाने हे मागितलं तर ऑफरच जाईल. म्हणून ते कॉलेजांच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांनी मागावं. कंपनी आवारात येण्याआधीच तिला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: या जागा हातातल्या कामासाठी आहेत की अपेक्षित कामासाठी, मागच्या बॅचचे किती जण अजून रुजू व्हायचे आहेत आणि एका सीनियरमागे किती नवी मुलं असतील. विदर्भातल्या दहा कॉलेजांनी मिळून हे विचारलं, तर कंपनीला उत्तर द्यावंच लागेल.